गेज फेल की शीट चुकली? बार, पीएसआय, केपीए आणि एमएमएचजीच्या गोंधळातली चूक कशी शोधायची

प्रेशर गेज कॅलिब्रेशनला येतो, फेल होतो, थोडा 'ॲडजस्ट' केला की पास होतो. पुढच्या वर्षी तोच गेज दुसऱ्या लॅबमध्ये जातो आणि तिथे उलट्या दिशेने फेल होतो. लाइनवरचे लोक म्हणतात गेजच भंगार आहे, नवा घ्या. नवा येतो, तोही पहिल्याच कॅलिब्रेशनला फेल. असं चक्र तुमच्याकडे चालू असेल तर गेज उघडण्याआधी शीट उघडा.

मी भोसरीत प्रेशरच्या टेबलावर बरीच वर्षं बसतोय. अशा गेजमध्ये बूर्डन ट्यूब खरोखर थकलेली असते तेव्हा ते लगेच कळतं. काटा अडखळतो, वर जाताना एक आणि खाली येताना दुसरंच रीडिंग देतो, शून्यावर परत येत नाही. पण काटा लोण्यासारखा फिरतोय, शून्य बरोबर आहे, अप आणि डाउन रीडिंग जुळतंय आणि तरीही शेवटचे दोन पॉइंट फेल आहेत, तेव्हा बहुतेक वेळा गेज निर्दोष असतो. गडबड असते युनिटची.

एकच्या आसपासची तीन युनिटं

शीटवर नावं चारच असतात: पीएसआय, बार, किलोपास्कल आणि एमएमएचजी, म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर. घोळ मात्र बहुधा पाचव्यामुळे होतो आणि त्याचं नाव शीटवर नसतंच. ते म्हणजे आपलं शॉपफ्लोअरचं 'केजी'. कॉम्प्रेसरवाल्याला विचारा, तो 'सात केजी प्रेशर आहे' म्हणेल. त्याच्या डोक्यात किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर आहे की बार, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. त्याला सांगायची गरजही नाही. आपल्याला मात्र आहे.

एक बार म्हणजे व्याख्येनेच १०० किलोपास्कल. एक केजी म्हणजे ९८.०६६५ किलोपास्कल. आणि एक प्रमाण वातावरण, ज्याला आपण ॲटमॉस्फिअर म्हणतो, ते १०१.३२५ किलोपास्कल. तिन्ही एकमेकांच्या इतकी जवळ की 'सगळं सारखंच' म्हणून चालवून घेतलं जातं. पण पीएसआय आणि एमएमएचजीमध्ये जाताना प्रत्येकाचा फॅक्टर वेगळा आहे:

- बार: १४.५०३८ पीएसआय, ७५०.०६ एमएमएचजी
- केजी: १४.२२३३ पीएसआय, ७३५.५६ एमएमएचजी
- ॲटमॉस्फिअर: १४.६९५९ पीएसआय, ७६० एमएमएचजी

शाळेपासून पाठ असतात ते आकडे १४.७ आणि ७६०. ते दोन्ही तिसऱ्या ओळीतले आहेत, पण शीटमध्ये ते पहिल्या ओळीच्या जागी जाऊन बसतात. 'एक बार म्हणजे १४.७' किंवा 'एक बार म्हणजे ७६० मिमी' असं धरलं की सगळी रीडिंगं सुमारे १.३ टक्क्यांनी सरकतात. बार आणि केजी एकच धरले की सुमारे दोन टक्के.

शंभरपटीची किंवा दहापटीची चूक, म्हणजे बारच्या जागी किलोपास्कल किंवा किलोपास्कलच्या जागी मिलिबार, कोणीही पकडतो. ७ च्या जागी ७०० दिसलं की आंधळ्यालाही कळेल. दीड-दोन टक्के मात्र कोणाच्या डोळ्याला खुपत नाहीत, कारण गेजची स्वतःची चूकही तेवढीच असू शकते.

एक कॉलम वाढवा

त्यासाठी मी शीटच्या शेवटी एक जादा कॉलम ठेवतो: मास्टरचं रीडिंग भागिले गेजचं रीडिंग. बस. एरर कॉलम फक्त चूक किती ते सांगतो, हा कॉलम चुकीचा स्वभाव सांगतो.

एक खरी शीट घेऊ. गेज ० ते १०, क्लास १, म्हणजे कुठल्याही पॉइंटला फुल स्केलच्या एक टक्का, इथे ०.१ इतकी एरर चालते. मास्टर डिजिटल. पोराने काटा एकेका रेघेवर आणला आणि मास्टरचं रीडिंग लिहिलं. गेजवर २, ४, ६, ८, १०. मास्टरवर १.९६, ३.९३, ५.८८, ७.८५, ९.८०. एरर आली ०.०४, ०.०७, ०.१२, ०.१५, ०.२०. पहिले दोन पॉइंट पास, पुढचे तीन फेल. शेरा पडला: 'वरच्या बाजूला रीडिंग जास्त, स्पॅन ॲडजस्ट करावा.'

आता भागाकार करा. ०.९८०, ०.९८३, ०.९८०, ०.९८१, ०.९८०. पाचही पॉइंट ०.९८ ला चिकटलेले. आणि ०.९८०७ म्हणजे एक केजीचे बार. डायल उजेडात धरली तर काट्याच्या खाली बारीक अक्षरात केजीचं चिन्ह होतं. मास्टर होता बारमध्ये. शीटच्या मथळ्यात एकच युनिट, बार, आणि दोन्ही कॉलम त्याच्याखाली. मास्टरची तीच रीडिंगं ०.९८०६६५ ने भागून केजीत आणली तर गेजची सगळ्यात मोठी एरर निघाली ०.००७. म्हणजे गेज सोन्यासारखा, आणि आपण त्याची लिंक सैल करायला निघालो होतो.

या प्रकारची चूक पास-फेलच्या आड कशी लपते तेही पाहा. ती रीडिंगच्या प्रमाणात असते आणि क्लासची मर्यादा फुल स्केलच्या प्रमाणात. त्यामुळे क्लास १ च्या गेजला ही चूक अर्ध्या स्केलच्या वर गेल्यावरच फेल करते. क्लास १.६ ला शेवटच्या पॉइंटपर्यंत काही दिसत नाही, आठवर एरर येते ०.१५५ आणि मर्यादा असते ०.१६. क्लास २.५ ला तर पूर्ण शीट पास होते, दोन टक्क्यांची चूक पोटात घेऊन. म्हणून 'आमचे गेज कधी फेल होत नाहीत' असं कोणी म्हणालं की मी आधी क्लास विचारतो.

तिकडे १४.७ ची चूक असेल तर भागाकार १.०१३५ च्या आसपास थांबतो. मास्टर ६ बार दाखवतोय, शीटने त्याचे ८८.२ पीएसआय केले, खरे आहेत ८७.०२. शंभर पीएसआयच्या क्लास १ गेजवर एवढ्यानेच पॉइंट फेल होतो. तोच मास्टर ४ बारवर ०.७८ पीएसआयने चुकतो आणि पास होतो. काही जण उलट बाजूने पीएसआयला ०.०७ ने गुणून बार काढतात. खरा फॅक्टर ०.०६८९५ आहे, म्हणजे दीड टक्का तिथेच गेला.

भागाकार फसवतो तेव्हा

आता सावधगिरीची गोष्ट. गेजचा स्पॅन खरंच बिघडला असेल, म्हणजे लिंकची लांबी किंवा सेक्टरची जागा हलली असेल, तरीही भागाकार सगळीकडे जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे ०.९८ दिसलं म्हणजे युनिटच चुकलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिला पॉइंट तर या हिशेबात धरूच नका. स्केलच्या पहिल्या वीस टक्क्यांत काटा वाचण्याची चूकच भागाकाराला कुठेही नेते.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे प्रेशर तसंच धरून ठेवा आणि मास्टरचं युनिट बदला. काटा ८ वर आहे, मास्टर बारमध्ये ७.८५ दाखवतोय, केजीवर नेला की ८.००५ दाखवतो. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही, वाद संपला. बहुतेक डिजिटल मास्टरमध्ये ही सोय असते. अर्थात याच बटणामुळे निम्म्या भानगडी होतात. सकाळच्या शिफ्टने किलोपास्कलवर काम केलं, दुपारच्याने बार समजून वाचलं तर लगेच कळतं, पण सकाळच्याने केजीवर ठेवलेला मास्टर दुपारी बार म्हणून वाचला तर कोणालाच कळत नाही. डिस्प्लेच्या कोपऱ्यातलं युनिट बारीक असतं आणि नजर आकड्यावर असते.

दुसरी खूण म्हणजे त्याच दिवशीच्या, त्याच मास्टरवरच्या बाकी शीट काढा. तीन वेगवेगळ्या मेकच्या गेजना ०.९८ येतंय? मग तिन्ही लिंक एकाच मापाने हललेल्या नाहीत.

पुण्यात ७६० मिळत नाही

व्हॅक्यूम गेजच्या शीटमध्ये वेगळ्या स्वभावाची चूक असते. तिथे भागाकार हलतो, पण वजाबाकी जागची हलत नाही.

एका शीटवर व्हॅक्यूम गेजचे पॉइंट होते उणे २००, उणे ४०० आणि उणे ६०० एमएमएचजी. मास्टर ॲब्सोल्यूट होता, किलोपास्कलमध्ये, आणि त्याने दाखवलं ६८.१४, ४१.४७ आणि १४.८१. शीटच्या सूत्राने प्रत्येकातून १०१.३२५ वजा केले आणि ७.५००६ ने गुणले. उत्तरं आली उणे २४९, उणे ४४९ आणि उणे ६४९. भागाकार १.२४, १.१२, १.०८ असा पळत सुटलेला, पण फरक प्रत्येक ठिकाणी ४९. क्वचितच एखादा गेज असा सगळीकडे सारखा चुकतो. काटा दांड्यावर सरकला असेल तर असं होतं, पण मग प्रेशर सोडल्यावर काटा शून्यावर बसत नाही. इथे काटा शून्यावर होता.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथली हवा साधारण ९४.८ किलोपास्कलचीच, म्हणजे ७११ एमएमएचजी. सूत्रातले १०१.३२५ हे समुद्रकाठचे. मुंबईत ही शीट थोड्याफार फरकाने खपून गेली असती, पुण्यात ती ४९ मिमीने खोटी ठरली. उपाय एवढाच की ॲब्सोल्यूट मास्टरवर काम असेल तर आधी लाइन हवेला उघडी करून मास्टर काय दाखवतोय ते शीटवर लिहा आणि तेच वजा करा. काम लांबलं तर शेवटी पुन्हा एकदा बघा, हवेचा दाबही दिवसभरात थोडा हलतो. पीएसआयमध्येही हेच लागू आहे. ॲब्सोल्यूटमधून गेज काढताना १४.७ वजा करणाऱ्याने पुण्यात जवळजवळ एक पीएसआयचं नुकसान केलं, इथे १३.७५ च्या आसपास हवं.

आणि एक गंमत. पुण्यातच भरलेल्या एका जुन्या शीटवर मी शेवटचा पॉइंट उणे ७६० आणि एरर शून्य पाहिलेली आहे. इथे पंप कितीही भारी लावला तरी उणे ७११ च्या खाली जाता येत नाही, कारण काढायला तेवढीच हवा आहे. तो पॉइंट कोणी टेबलावर घेतलेला नव्हता, खुर्चीवर बसून भरलेला होता. मागचं काही तपासायचं असेल तर व्हॅक्यूमच्या शीटचा शेवटचा पॉइंट आधी बघावा. तिथे माणसं पकडली जातात.

भिंतीवरचा तक्ता

बऱ्याच टेबलांच्या वर एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला असतो: २५ पीएसआय म्हणजे १.७२ बार, ५० म्हणजे ३.४५, ७५ म्हणजे ५.१७, १०० म्हणजे ६.९०. पोरं मास्टर १.७२ वर आणतात, गेज वाचतात आणि मास्टरच्या कॉलममध्ये २५ लिहितात. पण १.७२ बार म्हणजे २४.९५ पीएसआय. ३.४५ म्हणजे ५०.०४, ५.१७ म्हणजे ७४.९८ आणि ६.९० म्हणजे १००.०८. साध्या गेजला याने काही बिघडत नाही. पण क्लास ०.२५ चा टेस्ट गेज असेल तर मर्यादा आहे ०.२५ पीएसआय आणि शेवटच्या पॉइंटला तिचा तिसरा हिस्सा या कागदाने खाल्ला. ही चूक ओळखायची कशी? एरर कधी अधिक, कधी उणे, आणि प्रत्येक टेस्ट गेजला त्याच पॉइंटला त्याच बाजूला. गेज बदलले तरी नक्षी तीच.

यावर माझी पद्धत उलटी आहे. काटा गेजच्या रेघेवर आणायचा, मास्टर जेवढे अंक दाखवेल तेवढे सगळे लिहायचे, आणि रूपांतर एकदाच, मास्टरच्या रीडिंगचं, गेजच्या युनिटमध्ये. पूर्णांक करायचं ते सगळ्यात शेवटी. दोन दशांश दाखवणारा बारचा मास्टर असेल तर एक अंक हलला की ०.१४५ पीएसआय हलतात, म्हणजे असा मास्टर टेस्ट गेजला लावूच नये. तिथे फॅक्टर कितीही अचूक घातला तरी काही उपयोग नाही.

मास्टरच्या सर्टिफिकेटवरचं करेक्शनही याच वाटेवर अडखळतं. सर्टिफिकेट बारमध्ये, गेज पीएसआयमध्ये. ७ बारला करेक्शन उणे ०.०१५ आहे. ते बारचं आहे, पीएसआयमध्ये त्याचे ०.२२ होतात. शीटमध्ये मात्र रूपांतर झालेल्या आकड्यातून सरळ ०.०१५ वजा केलेलं सापडतं. म्हणून करेक्शन आधी लावा, रूपांतर नंतर. म्हणजे विचारच करावा लागत नाही.

शीट दुरुस्त करताना

फॅक्टर प्रत्येक सेलमध्ये हाताने टाइप केलेले असतील तर त्यात १४.५, १४.७ आणि १४.२२ तिन्ही सापडतील, ते वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी घातलेले. एक्सेलमध्ये मी एका कोपऱ्यात प्रत्येक युनिटचे पास्कल लिहून ठेवतो आणि बाकी सगळं त्यावरूनच काढतो. म्हणजे बघायचे आकडे पाचच राहतात:

```
bar      100000
psi      6894.757
kgf/cm2  98066.5
mmHg     133.322
atm      101325
```

मग मास्टरचं रीडिंग गुणिले मास्टरच्या युनिटचे पास्कल, भागिले गेजच्या युनिटचे पास्कल. टॉर लिहिलेला मास्टर असेल तर तो एमएमएचजीच समजा. दोघांतला फरक आपल्या कुठल्याच मास्टरला दिसणार नाही इतका छोटा आहे.

एक्सेलचं तयार फंक्शनही चालतं, पण त्यात बार हे युनिट नाही, म्हणून पास्कलमधून जावं लागतं. आणि त्यात एक सापळा आहे:

```
=CONVERT(B5,"psi","Pa")/100000
=CONVERT(B5,"mmHg","kPa")
=CONVERT(1,"at","Pa")
```

तिसऱ्या ओळीचं उत्तर १०१३२५ येतं. जुन्या जर्मन डायलवर हीच दोन अक्षरं टेक्निकल ॲटमॉस्फिअरसाठी, म्हणजे आपल्या केजीसाठी असतात आणि तिथे उत्तर ९८०६६.५ हवं. जुना गेज समोर आहे, डायलवरची अक्षरं जशीच्या तशी सूत्रात टाकली, की ३.३ टक्क्यांची चूक तयार. भागाकारात ०.९६८ किंवा १.०३३ दिसलं तर इथे बघा.

शीटच्या मथळ्यात एकच युनिट ठेवू नका. 'डायलवरचं युनिट' आणि 'मास्टरच्या डिस्प्लेवरचं युनिट' असे दोन वेगळे चौकोन करा आणि दोन्ही रिकामे ठेवा, आधीपासून छापू नका. छापलेलं युनिट कोणी वाचत नाही. रिकामा चौकोन दिसला की भरायला तरी डायलकडे बघावं लागतं. दोन स्केलच्या डायलवर, बाहेर पीएसआय आणि आत केजी, कुठल्या स्केलवर वाचलं तेही तिथेच लिहा.

राहिले ते गेज जे आधीच 'ॲडजस्ट' होऊन लाइनवर गेलेत. वरच्या उदाहरणातला केजीचा गेज कोणी बारच्या मास्टरला जुळवून दिला असता तर तो १० दाखवेल तेव्हा आत खरे १०.२ केजी असतील. म्हणजे तो प्रेशर कमी दाखवेल, आणि तो रिसीव्हरवर लागलेला असेल तर ती चूक नको त्या बाजूची आहे. त्यामुळे ज्या शीटमध्ये ॲडजस्ट करण्याआधीच्या रीडिंगचा भागाकार ०.९८ किंवा १.०२ ला चिकटलेला दिसेल, तो गेज पुढच्या तारखेची वाट न बघता उतरवून आणा. आधीचं रीडिंगच लिहिलेलं नसेल, फक्त नंतरचं असेल, तर शीट बघून काहीच कळत नाही. मग त्या मास्टरवर त्या काळात ॲडजस्ट झालेले सगळेच गेज टेबलावर घ्यावे लागतात.